साडेसात मिलिमीटरची पायरी: एका जाडीमापकातला ग्रे कोड काउंटर

## पार्श्वभूमी

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत एक छोटा उद्योग आहे. टाक्या आणि पाइप यांची शिल्लक जाडी मोजणारी अल्ट्रासोनिक उपकरणं तिथे बनतात. तळोजा, पाताळगंगा भागातल्या रासायनिक कारखान्यांत अशा मोजणीची गरज कायमची असते, कारण टाकी आतून गंजत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. उद्योगाचं आणि माणसांचं नाव मी इथे घेत नाही. डिझाइन तपासायला मला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचा बराचसा भाग डोळ्यांसमोर घडलेला आहे.

उपकरणाचं तत्त्व साधं आहे. प्रोब धातूवर टेकवून ध्वनीचा एक ठोका आत सोडायचा. तो मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येईपर्यंत लागणारा वेळ मोजायचा. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर असतो. वेळ मोजायला १०० मेगाहर्ट्झवर धावणारा १० बिटांचा काउंटर होता, म्हणजे एक काउंट १० नॅनोसेकंदांचा. ध्वनी जाऊन परत येत असल्यानं एका काउंटला जाडी पडते ०.०२९५ मिमी. दहा बिटांत १०२४ काउंट मावतात, म्हणजे साधारण ३० मिमीपर्यंत मोजता येतं.

उपकरणाला चार प्रोब होते आणि प्रत्येक प्रोबसाठी वेगळं चॅनेल कार्ड. काउंटर मात्र एकच, मुख्य कार्डावरच्या सीपीएलडीत, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक आयसीत. त्याचे दहा बिट बॅकप्लेनवरून, म्हणजे सगळी कार्डं जोडणाऱ्या मागच्या बोर्डावरून, चारही कार्डांकडे जात. प्रत्येक कार्डावर आठ-आठ बिटांच्या दोन लॅच आयसी होत्या: खालचे आठ बिट पहिल्या आयसीत, वरचे दोन दुसऱ्या आयसीत. प्रतिध्वनीनं ठरावीक पातळी ओलांडली की कार्डावरचा कम्पॅरेटर एक कड देई, म्हणजे त्याचं आउटपुट एकदम उलटे. तीच कड दोन्ही लॅचच्या क्लॉक पिनवर जाई आणि त्या क्षणी बसवर असलेला आकडा गोठवला जाई. मग मायक्रोकंट्रोलर तो सावकाश वाचून घेई.

इथे काउंटरच्या क्लॉकला प्रतिध्वनीची काहीही खबर नसते. प्रतिध्वनी केव्हा यायचा ते धातूची जाडी ठरवते. तो दोन काउंटांच्या मधोमध येईल किंवा आकडा बदलत असतानाच येईल. असिंक्रोनस सॅम्पलिंग म्हणतात ते हेच.

## अडचण

तपासणीसाठी पाच पायऱ्यांचा पोलादी ठोकळा वापरतात: २.५, ५, ७.५, १० आणि १२.५ मिमी. चार पायऱ्यांवर उपकरण उत्तम चालत होतं. साडेसातच्या पायरीवर सकाळी ७.५० दिसे आणि दुपारी कधी ७.३८, कधी ७.२६. प्रोब आणि धातू यांच्यामध्ये लावायची कपलंटची जेली पुसून पुन्हा लावली की काही वेळ बरोबर, मग पुन्हा तेच. चार कार्डांपैकी तीन कार्डं जाडी कमी दाखवत आणि एक कार्ड जास्त.

दुपारचा संबंध दिसल्यामुळे सगळ्यांचा संशय आधी ॲनालॉग भागावर गेला, आणि तो वाजवी होता. तापलेल्या पोलादात ध्वनीचा वेग घटतो, साधारण ५५ अंशांना एक टक्का. कम्पॅरेटरची पातळीही सरकू शकते. पण दहा अंशांच्या फरकानं जाडीचं वाचन फार तर ०.०१५ मिमीनं हललं असतं आणि तेही वाढलं असतं. इथे ते ०.१२ मिमीनं कमी होत होतं. शिवाय तापमानाचा परिणाम पाचही पायऱ्यांवर दिसायला हवा होता.

गंजाच्या मोजणीत ०.१२ मिमीची चूक लहान नसते. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून टाकीचं उरलेलं आयुष्य काढतात. अशी चूक त्या हिशोबात शिरली तर चांगली टाकी बंद पडेल, किंवा बंद पडायला हवी ती चालू राहील.

## कारण कसं सापडलं

पहिला निर्णायक टप्पा म्हणजे सरासरी बाजूला काढणं. फर्मवेअर ६४ ठोक्यांची सरासरी दाखवत होतं. तिथल्या तरुण अभियंतीनं सुचवलं, "सर, सरासरी नको, प्रत्येक ठोक्याचा कच्चा आकडा सिरियल पोर्टवर काढते." त्या आकड्यांचा हिस्टोग्राम काढताच चित्र पालटलं. जवळजवळ सगळे आकडे २५५ किंवा २५६ होते आणि अधूनमधून चक्क शून्य. मधलं काहीच नाही. उलट वागणाऱ्या कार्डावर शून्याच्या जागी ५११ येत होतं.

६४ पैकी एका ठोक्यात २५६ ऐवजी शून्य आलं तर सरासरी ४ काउंटनं घटते. ४ गुणिले ०.०२९५ म्हणजे ०.१२ मिमी. असे दोन ठोके आले तर ०.२४. दुपारचे ७.३८ आणि ७.२६ तंतोतंत असेच आले होते. सरासरीनं एक ढोबळ, ठळक चूक वितळवून तिला सौम्य सरकण्याचं रूप दिलं होतं.

आता प्रश्न उरला की शून्यच का. ७.५ मिमीला काउंट येतो २५४.२. प्रोबच्या विलंबाची दुरुस्ती केल्यावरही एक-दीड काउंट शिल्लक राहत होता, म्हणजे प्रतिध्वनी २५५.५ च्या आसपास पोहोचत होता. दुपारच्या उष्णतेनं अर्धा काउंट वाढला की तो बरोबर २५५ वरून २५६ होण्याच्या क्षणी येऊन पडे. ध्वनीचा ठोका काउंटरच्याच क्लॉकवरून सुटत असल्यामुळे त्याच जाडीवर तो पुन्हा पुन्हा त्याच क्षणी येत राही. तो क्षण बायनरीत असा दिसतो:

```
255 = 00 11111111
256 = 01 00000000
```

एका पायरीत नऊ बिट बदलतात. कागदावर ते एकाच वेळी बदलतात, तांब्यावर नाही. सीपीएलडीच्या पिना, बॅकप्लेनवरच्या वाटांची लांबी, बफर आणि दोन लॅच आयसींपर्यंत कड पोहोचण्याची वेळ, या सगळ्यात थोडा थोडा फरक असतो. ऑसिलोस्कोपवर दोन आयसींमधला एकूण फरक दोनेक नॅनोसेकंदांचा दिसला. या फटीत प्रतिध्वनी आला तर खालचे आठ बिट नवे, म्हणजे सगळे शून्य, आणि वरचे दोन बिट जुने, तेही शून्य. दोन्ही जोडून आकडा होतो शून्य. चौथ्या कार्डावर कडेची वाट उलट क्रमानं काढलेली होती: खालचे बिट जुने, वरचे नवे, म्हणून `01 11111111`, अर्थात ५११. गाडीच्या जुन्या किलोमीटर मीटरचा ०९९९ वरून १००० होतानाच फोटो काढला तर चाकं अर्धवट फिरलेली दिसतात आणि आकडा दोन्हींपैकी कुठलाच नसतो, तसाच हा प्रकार.

बाकीच्या पायऱ्या का सुटल्या हेही यातून कळतं. ५ मिमीला काउंट १६९ वरून १७० होतो तेव्हा सगळ्यात खालचे दोनच बिट बदलतात आणि ते एकाच आयसीत असतात. तिथे चुकलं तरी १६८ किंवा १७१ येणार, म्हणजे एका काउंटचा फरक, आणि तो कुणाला दिसत नाही. मोठी चूक दोन आयसींच्या सीमेवर होत होती: २५६, ५१२ आणि ७६८ या काउंटांपाशी. ५१२ म्हणजे साधारण १५ मिमी, आणि त्या जाडीची पायरी ठोकळ्यात नव्हतीच.

## पर्याय

पहिली सूचना आली ती जलद लॅच आयसी बसवण्याची. लॅमिंग्टन रोडवर त्या मिळाल्याही असत्या. पण जलद आयसीनं फट अरुंद होते, बुजत नाही. चूक आणखी विरळ झाली असती आणि सापडायला आणखी अवघड.

दुसरी सूचना सरासरीऐवजी मध्यक घेण्याची. चुकीचे ठोके थोडे असतात तोवर मध्यक त्यांना सहज झटकून टाकतो. पण प्रतिध्वनी बरोबर फटीच्या मध्यावर स्थिरावला आणि त्याची थरथर फटीपेक्षा कमी असली तर निम्म्याहून जास्त ठोके चुकीचे येतील. मग मध्यकच शून्य होईल. नेमक्या वाईट प्रसंगी हात सोडणारा उपाय मला पटला नाही. तरी मध्यक घ्यायलाच हवा होता, पण वेगळ्या कारणासाठी. त्याबद्दल पुढे.

तिसरा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ होता. चारही प्रतिध्वनींच्या कडा मुख्य कार्डावर आणायच्या, प्रत्येक कड १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर दोन फ्लिपफ्लॉपमधून, म्हणजे क्लॉकच्या कडेवर एक बिट धरून ठेवणाऱ्या घटकांतून, सिंक्रोनाइझ करायची आणि मग त्याच क्लॉकवर बायनरी काउंटर गोठवायचा. तेव्हा क्लॉकची सीमा ओलांडणारी गोष्ट फक्त एका बिटाची उरते. ती एक क्लॉक उशिरा पोहोचली तरी आकडा एकानंच चुकतो. पण बॅकप्लेनवर मोकळ्या पिना नव्हत्या, आणि चार चॅनेलचे चाळीस फ्लिपफ्लॉप त्या सीपीएलडीत मावत नव्हते. मालक म्हणाले, "कार्डं छापून, आयसी लावून आलीयेत. आता पुन्हा बोर्ड काढणं मला परवडायचं नाही." ही अट खरी होती.

इथे एक गैरसमज निघाला आणि तो बऱ्याच ठिकाणी भेटतो: बायनरीच्या दहाही बिटांना दोन-दोन फ्लिपफ्लॉपचा सिंक्रोनायझर लावला की झालं. तसं होत नाही. सिंक्रोनायझर एका बिटाला स्थिर होण्यापुरता वेळ देतो. दहा बिट एकाच क्षणाचे आहेत की नाहीत, याची तो कसलीच हमी देत नाही. प्रत्येक बिट स्वतंत्रपणे स्थिर होईल आणि तरी सगळे मिळून खोटा आकडा देतील.

चौथा पर्याय ग्रे कोडचा. काउंटर अशा क्रमानं चालवायचा की प्रत्येक पायरीला एकच बिट बदलेल. त्यासाठी फक्त सीपीएलडीचा प्रोग्रॅम आणि फर्मवेअर बदलायचं होतं. तोच निवडला.

## एकाच बिटानं काय साधतं

२५५ आणि २५६ ही जोडी ग्रे कोडमध्ये अशी दिसते:

```
255 -> 00 10000000
256 -> 01 10000000
```

बदलणारा बिट एकच. प्रतिध्वनी कितीही वाईट क्षणी आला तरी बाकीचे नऊ बिट शांत असतात आणि लॅच ते बरोबरच पकडतो. संशय राहतो तो एका बिटापुरता. तो जुना पकडला तर आकडा २५५, नवा पकडला तर २५६. प्रतिध्वनी त्या दोहोंच्या सीमेवरच आला होता, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तिसरं उत्तर संभवतच नाही.

मेटास्टेबल अवस्था ग्रे कोडनं टळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बदलत्या बिटावर कड पडली तर त्या लॅचचं आउटपुट काही काळ अधांतरी राहू शकतं. पण शेवटी ते शून्यावर किंवा एकावर बसतंच, आणि दोन्हीपैकी कुठेही बसलं तरी चालतं. फक्त बसायला वेळ मिळायला हवा. इथे मायक्रोकंट्रोलर काही मायक्रोसेकंदांनी वाचत होता, तेवढा वेळ भरपूर आहे.

या कोडला ज्यांचं नाव आहे त्या फ्रँक ग्रे यांच्यापुढेही असाच प्रश्न होता. बेल लॅबमध्ये ते आवाजाचं अंकांत रूपांतर करणाऱ्या नळीवर काम करत होते. इलेक्ट्रॉनची शलाका छिद्रं पाडलेल्या पट्टीच्या दोन ओळींच्या सीमेवर पडली की भलताच आकडा निघे. त्यांचा पेटंट अर्ज १९४७ चा आणि पेटंट मिळालं १९५३ मध्ये.

## काउंटर कसा बांधला

ग्रे कोडमध्ये थेट मोजण्याचं तर्कजाल किचकट होतं. सोपा मार्ग असा की आत साधा बायनरी काउंटर ठेवायचा आणि त्यावरून ग्रे आकडा काढायचा: आकडा आणि तोच आकडा एक घर उजवीकडे सरकवलेला, या दोहोंचा एक्स-ऑर. दोन बिट वेगळे असतील तरच एक्स-ऑर १ देतो.

पहिल्या मसुद्यात बायनरीच्या आउटपुटवरच एक्स-ऑर लावून ते सरळ पिनेवर काढलं होतं. दिसायला ते अगदी बरोबर होतं आणि सिम्युलेशनमध्येही बरोबर आलं. सिम्युलेशनमध्ये सगळे बिट एका क्षणात बदलतात, तिथे चूक दिसायची सोयच नव्हती. पण २५५ वरून २५६ होताना उजवीकडून शून्यापासून मोजल्यास बायनरीचा सातवा आणि आठवा बिट दोन्ही उलटतात. त्यांचा एक्स-ऑर आधीही १ आणि नंतरही १. मधल्या क्षणी एक बिट उलटला आणि दुसरा उलटायचा आहे, तेव्हा मात्र तो ० होऊन जातो. एवढ्याशा ग्लिचमध्ये कड पडली तर `01 10000000` च्या जागी `01 00000000` पकडलं जाईल, आणि ते उलगडलं की येतं ५११. म्हणजे आपण पुन्हा तिथेच. हे आढळलं ते बोर्डावर चढवण्याआधी, कागदावर बिट मांडून पाहताना.

म्हणून ग्रे आकडा फ्लिपफ्लॉपमधूनच बाहेर पडला पाहिजे. पुढच्या बायनरी आकड्यावरून ग्रे काढायचा आणि क्लॉकच्या कडेवर दोन्ही एकदम भरायचे:

```verilog
wire [9:0] bnext = bin + 1'b1;
always @(posedge clk)
  if (clr) begin
    bin  <= 10'd0;
    gray <= 10'd0;
  end else begin
    bin  <= bnext;
    gray <= bnext ^ (bnext >> 1);
  end
```

आता एक्स-ऑरमधली खळबळ फ्लिपफ्लॉपच्या अलीकडेच थांबते आणि पिनेवर येणारा प्रत्येक बिट काउंटमागे फार तर एकदा, स्वच्छ बदलतो. सर्वांत वरचा ग्रे बिट बायनरीच्या वरच्या बिटाइतकाच असल्यानं एकूण १९ फ्लिपफ्लॉप पुरतात. आणखी एक फायदा आपसूक मिळाला. बायनरीचा सर्वांत खालचा बिट बसवर ५० मेगाहर्ट्झनं फडफडत होता, ग्रेचा तोच बिट २५ मेगाहर्ट्झनं बदलतो. बॅकप्लेन तेवढं शांत झालं.

फर्मवेअरमध्ये उलट रूपांतर चार ओळींचं आहे:

```c
g ^= g >> 8;
g ^= g >> 4;
g ^= g >> 2;
g ^= g >> 1;
```

इथे क्रम महत्त्वाचा होता. जुन्या फर्मवेअरमध्ये ६४ वाचनांची बेरीज इंटरप्टमध्येच होत असे. रूपांतर त्या बेरजेनंतर लावलं असतं तर निव्वळ कचरा निघाला असता, कारण ग्रे आकड्यांची बेरीज निरर्थक असते. प्रत्येक वाचन आधी उलगडायचं, मग बेरीज.

एक मर्यादाही तपासून घेतली. एका क्षणी एकच बिट बदलतो, हे विधान बिटांमधला वेळेचा फरक एका काउंटपेक्षा कमी असेल तोवरच खरं असतं. तो फरक १० नॅनोसेकंदांच्या जवळ गेला तर एक बदल पोहोचायच्या आत पुढचा बदल पोहोचेल आणि हमी संपेल. इथे फरक दोन नॅनोसेकंदांचा होता, म्हणून निर्धास्त. लांब केबल असती तर हा आकडा आधी मोजावा लागला असता. काउंटर शून्यावर आणतानाही अनेक बिट एकदम बदलतात, पण त्या वेळी प्रतिध्वनीचं दार बंद असतं.

## निष्पत्ती

पडताळणी ठोकळ्यावर सोडून दिली नाही. प्रोबच्या जागी सिग्नल जनरेटर जोडला. ठोका सुटल्यावर ठरावीक विलंबानं तो नकली प्रतिध्वनी देई, आणि हा विलंब २.५५ ते २.५७ मायक्रोसेकंदांच्या दरम्यान एकेका नॅनोसेकंदानं सरकवला. आधी जुना बायनरी प्रोग्रॅम चढवून चूक मुद्दाम घडवून आणली. सीमेपाशी शून्यांचा थवा दिसला. चूक हवी तेव्हा उभी करता येत नसेल तर ती गेली हे सिद्ध करता येत नाही, म्हणून ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. मग ग्रे प्रोग्रॅम चढवला. तोच विलंब, तीच कार्डं: २५५, २५६, आणि त्यांच्याशिवाय काही नाही. ५१२ आणि ७६८ च्या सीमाही तशाच तपासल्या. उलट वाट असलेलं चौथं कार्डही इतरांसारखं वागू लागलं, त्यावरची वाट न बदलता.

ठोकळ्याची साडेसातची पायरी दुपारीही ७.५० वर राहिली. जी एका काउंटची थरथर उरली ती काउंटरच्या बारकाईची मर्यादा आहे आणि ती सरासरीत मुरते.

जे परत मिळालं नाही ते आधीचं वाचन. उपकरणाच्या पहिल्या प्रतीनं काही टाक्यांचे आकडे घेतलेले होते आणि स्मृतीत फक्त सरासऱ्या साठवलेल्या होत्या. कच्चे ठोके नसल्यानं कुठली सरासरी दूषित आहे हे सांगता येईना. साडेसात आणि पंधरा मिमीच्या आसपासची ठिकाणं पुन्हा मोजून द्यावी लागली, खर्च उद्योगानं सोसला. काही आकडे बदलले, बरेच तसेच राहिले.

## वेगळं काय करता आलं असतं

बोर्ड नव्यानं काढायचा असता तर मी तिसराच पर्याय घेतला असता: प्रतिध्वनीची एक-एक तार मुख्य कार्डावर, तिथे सिंक्रोनायझर, आणि काउंटर साधा बायनरी. एक बिट ओलांडवणं दहा बिट ओलांडवण्यापेक्षा सोपं, आणि बसवरच्या वेळेच्या फरकाची चिंताच उरत नाही. ग्रे कोडची खरी जागा तिथे, जिथे धावता आकडाच दुसऱ्याच्या वेळेवर पकडावा लागतो आणि पर्याय नसतो. इथे छापून आलेल्या कार्डांनी ती जागा तयार केली होती. काउंटर एकेकानंच पुढे-मागे सरकणारा असणं हीदेखील अट आहे. दोन-दोननं उड्या मारणारा, किंवा ९९९ नंतर शून्यावर येणारा काउंटर असता तर साधा ग्रे कोड तिथे तुटला असता.

मध्यकाचा मुद्दा इथे येतो. चूक झाकायला म्हणून तो नकोच होता, पण सरासरी आणि मध्यक यांच्यातलं अंतर रोज पाहिलं असतं तर बिघाड पहिल्याच आठवड्यात उघड झाला असता. आता फर्मवेअर दोन्ही काढतं, आणि त्यांच्यात एका काउंटहून जास्त अंतर पडलं तर वाचन न दाखवता त्या ६४ ठोक्यांचे कच्चे आकडे साठवून ठेवतं.

तपासणीच्या ठोकळ्याबद्दलही एक निर्णय झाला. साडेसातची पायरी २५६ च्या सीमेपाशी पडली हा योगायोग होता. पायऱ्या वेगळ्या असत्या तर हे उपकरण तशीच चूक पोटात घेऊन ग्राहकाकडे गेलं असतं. आता प्रत्येक नव्या कार्डाची चाचणी जनरेटरवर विलंब सरकवत पूर्ण १०२४ काउंटांवरून होते, आणि ठोकळा राहतो तो फक्त प्रोब आणि ध्वनीच्या वेगाची जुळणी करण्यापुरता.